ऊस वजनाच्या पावतीचा फोटो नीट दिसत नसेल तर वहीत काय लिहावे

गळीत हंगामात ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या केबिनमधूनच काट्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि घरी कोणीतरी ते आकडे वहीत उतरवून घेतो. फोटो हललेला असला की डोळा आपोआप "असेल तेच" वाचतो. वहीत गेलेला अंदाज पुढे बिलाशी ताडून बघताना खरा आकडा समजला जातो, म्हणून वाचलेले आणि अंदाजाने धरलेले पहिल्यापासून वेगळे ठेवायला हवे.

आधी फोटोत नेमके काय बिघडले आहे ते बघा. फोटो तिरका असेल तर माहिती शाबूत असते. तो फिरवून पावतीच्या ओळी आडव्या करा आणि स्क्रीनवर कागदाची सरळ कड धरून एकेक ओळ वाचा. तिरक्या फोटोत नजर खालच्या ओळीवर घसरते आणि भरगाडीचे वजन रिकाम्या गाडीपुढे लिहिले जाते. फ्लॅशची चमक पडली असेल तर एडिटमध्ये ब्राइटनेस कमी करून बघा. अक्षराची कड उमटली तर ठीक. डाग पांढराच राहिला तर तिथे फोटोत काहीच उरलेले नाही, कितीही मोठे केले तरी येणार नाही.

सगळ्यात फसवा हललेला फोटो. हात आडवा हलला की उभ्या रेघा पसरतात, आडव्या मात्र स्पष्ट राहतात. इंग्रजी 3 आणि 8 यांच्यातला फरक डाव्या बाजूच्या उभ्या वळणाचाच असतो. त्यामुळे आडव्या हलण्यात 3 चा 8 दिसतो, आणि तो अगदी ठळक 8 वाटतो. खात्री करायची तर त्याच पावतीवरचा, नक्की माहीत असलेला दुसरा 3 शोधा, उदाहरणार्थ तारखेतला. तोही 8 सारखा दिसत असेल तर त्या फोटोतल्या एकाही 8 वर विसंबू नका.

आता एक पावती घेऊ. भरगाडी स्पष्ट आहे, रिकाम्या गाडीतल्या एका अंकावर चमक आहे, निव्वळ वजनातला एक अंक हललेला आहे. वहीत असे लिहा:

```
भरगाडी   : 24.780
रिकामी    : 7.□20        (□ = चमक, 1 अंक)
निव्वळ    : 17.[3/8?]60   (हललेले)
गाडी नं.  : □□ □□ … 4417  (वरचा कोपरा कापला)
```

एका न दिसणाऱ्या अंकाला एक चौकोन. किती अंक गेले हेच कळत नसेल तर चौकोन मोजून काढू नका, "अंक किती ते दिसत नाही" असे लिहा. गाडी नंबरात "एमएच 09" भरायचा मोह होतो, कारण कोल्हापूरच्या गाड्यांचा तोच. पण ऊस ओढायला सांगलीच्या 10 च्या आणि बीडच्या 23 च्या गाड्याही येतात. सवयीने जो भाग भरावासा वाटतो तोच बहुधा चुकतो.

वजनाचा मात्र हिशेब करता येतो. रिकामी आणि निव्वळ मिळून भरगाडी व्हायला हवी, म्हणजे दोन्ही हरवलेल्या अंकांची बेरीज 7 यायला हवी. निव्वळमध्ये 8 असेल तर ते जमतच नाही. 3 असेल तर रिकामीत 4 येतो: 7.420 आणि 17.360. हे उत्तर चांगले आहे, तरी ते वाचलेले नाही. हललेला अंक 3 किंवा 8 च आहे हे आपण धरले होते. तो 5 किंवा 6 असला तरी बेरीज जुळते. शिवाय पावतीवर पाचटाची किंवा बांधणीची वजावट वेगळी दाखवली असेल तर साधी वजाबाकी चालत नाही. म्हणून वरच्या ओळी तशाच ठेवून खाली लिहा: "हिशेबाने 17.360, पावती बघून पक्के करायचे." 3 च्या जागी 8 गेला तर अर्ध्या टनाचा फरक पडतो. टनाला 3,400 रुपये दर धरला तर एका खेपेला 1,700 रुपये.

पुन्हा फोटो मागताना "नीट पाठवा" म्हटले तर तसलाच फोटो परत येतो. काय दिसत नाही आणि का, ते सांगा:

"आण्णा, पावती मिळाली. भरगाडी 24.780 दिसतंय. रिकाम्या गाडीतला टिंबानंतरचा पहिला आकडा फ्लॅशमुळं गेलाय, निव्वळमधला तोच आकडा हललाय. वरचा कोपराही कापलाय, गाडी नंबर अर्धाच दिसतोय. फ्लॅश बंद करून, पावती सावलीत सीटवर सपाट ठेवून, बरोबर वरून एक अख्खा आणि एक नुसत्या वजनाचा जवळून फोटो काढा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक अक्षर फुटत नाही."

नवा फोटो आला की आधीची ओळ खोडरबराने पुसू नका. तिच्यावर एक रेघ मारा, शेजारी नवा आकडा आणि तारीख घाला. पावती थर्मल कागदाची असेल तर उन्हात, डॅशबोर्डवर ती काळवंडते किंवा फिकी पडते, तेव्हा दुसरा फोटो त्याच दिवशी मागवून घ्या.