ऑगस्ट २०१९ ते मार्च २०२३ : ४३ की ४४?

अर्जात अनुभवाचे महिने भरायचे असोत, हप्ते मोजायचे असोत की थकबाकी काढायची असो, वजाबाकी सगळ्यांना येते. घोडं अडतं ते एका महिन्यावर. मी रोज हेच करतो, तरी आकडा सांगण्याआधी आजही क्षणभर थांबतो.

आधी वजाबाकी उरकून टाकू. वर्षांतला फरक ४, म्हणजे ४८ महिने. महिन्यांचे क्रमांक घ्या: मार्च ३, ऑगस्ट ८. तीनातून आठ गेले, उणे ५. ४८ मधून ५ काढले की ४३. हातचे घेण्याची भानगड नको वाटत असेल तर ऑगस्टवरून ऑगस्टवर उड्या मारा: ऑगस्ट २०२२ पर्यंत ३६, तिथून मार्चपर्यंत ७, एकूण ४३. मला ही दुसरी रीत आवडते, कारण उणे चिन्ह डोक्यात धरावं लागत नाही.

आता खरी गोम. हे ४३ म्हणजे एका महिन्यातून दुसऱ्यात टाकलेली पावलं, महिने नव्हेत. ऑगस्टमध्ये पहिला हप्ता भरला आणि मार्चमध्ये शेवटचा, तर हप्ते ४४ झाले, कारण सुरुवातीचा ऑगस्ट कुठल्याच पावलात मोजला गेला नव्हता. दोन्ही टोकं धरायची असतील तर फरकात १ मिळवा, एकच टोक धरायचं असेल तर फरक तसाच ठेवा आणि दोन्ही टोकं सोडायची असतील तर १ वजा करा. शंका आली की जानेवारी ते डिसेंबर, एकच वर्ष, मनात आणा. फरक ११, पण वर्षाचे महिने १२.

बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्यांना मी हसत नाही. चार बोटांची बारा पेरं यासाठी छानच आहेत. पण ‘ऑगस्ट’ म्हणताना पहिल्या पेरावर अंगठा टेकवलात, तर मार्चला ८ येतात, ७ नाही. म्हणजे टोक नकळत धरलं गेलं. आणि मग कुणीतरी अनुभवी माणूस सांगतो, ‘नेहमी एक मिळवायचा.’ असा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. काय मोजतोय ते न विचारता मिळवलेला एक निम्म्या वेळा चुकतो.

नुसते महिना-वर्ष दिले असतील तर खरा कालावधी किती, हे तारखांशिवाय ठरतच नाही. १ ऑगस्टला रुजू होऊन ३१ मार्चला सोडलं तर पूर्ण ४४ महिने. १५ ऑगस्ट ते १५ मार्च असेल तर ४३. आणि ३१ ऑगस्टला रुजू होऊन १ मार्चला सोडलं तर पूर्ण महिने जेमतेम ४२, वर दोन दिवस. तिन्हींचं ‘ऑगस्ट २०१९ ते मार्च २०२३’ हेच. त्यामुळे समोरच्याचं उत्तर तुमच्यापेक्षा एकाने वेगळं आलं तर घाबरू नका. त्याने टोक कसं धरलं ते विचारा.

घाबरायचं ते तुकडे असतील तेव्हा. समजा एक नोकरी ऑगस्ट २०१९ ते मार्च २०२१ आणि दुसरी एप्रिल २०२१ ते मार्च २०२३. नुसते फरक काढले तर १९ आणि २३, बेरीज ४२. सलग काढलं तर ४३ येत होते! खंड तर एका दिवसाचाही नाही. प्रत्येक तुकड्यात एक टोक गळतं, म्हणून तुकडे जितके जास्त तितकी गळती जास्त. दोन्ही टोकं धरून मोजलं तर २० आणि २४, बेरीज ४४, आणि सलग मोजूनही ४४. ताळा जमला.

पण दुसरी नोकरी मार्च २०२१ मध्येच सुरू झाली असेल तर हीच रीत उलटते. २० आणि २५ मिळून ४५ होतात, कारण तो मार्च दोनदा मोजला गेला. तिथे सामाईक महिना एकदा वजा करा. म्हणून तुकड्यांची बेरीज केली की सर्वांत पहिला आणि सर्वांत शेवटचा महिना घेऊन सलग आकडाही काढा आणि मधले रिकामे महिने त्यातून वजा करा. दोन आकडे जुळले नाहीत तर कुठलातरी महिना दोनदा आला आहे किंवा सुटला आहे.

उलटा हिशेबही याच जागी फसतो. ऑगस्ट २०१९ पासून ३६ हप्ते म्हटलं की तोंडातून ‘ऑगस्ट २०२२ पर्यंत’ निघून जातं, पण शेवटचा हप्ता जुलै २०२२ चा. एक्सेलवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: `DATEDIF` मध्ये `"m"` दिलं की तो फक्त पुरे झालेले महिने मोजतो. १ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२३ दिलंत तरी ४३ च दाखवेल. ४४ हवे असतील तर शेवटची तारीख १ एप्रिल द्यावी लागते.