फळीवरून घसरणारा चिरा: ऊर्जेने सोडवायचा की बलांनी?

गोव्यात घराचं काम निघालं की दारात चिऱ्यांचा ट्रक येतोच. त्याच्या हौद्याला एक फळी टेकवून तिच्यावरून चिरा सोडला, तर अकरावीच्या फिजिक्समधला नेहमीचा प्रश्न तयार होतो: फळीच्या खालच्या टोकाशी चिऱ्याचा वेग किती? आकडे असे घेऊ. हौदा १.२ मीटर उंच, फळी २ मीटर लांब, चिरा २० किलोचा, चिरा आणि फळी यांच्यातला गतिज घर्षणांक ०.५, आणि g ९.८. चिरा नुसता सोडलाय, ढकललेला नाही. हे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. sinθ ०.६ येतो, cosθ ०.८ येतो, आणि फळीच्या खाली जमिनीवर मोजलेलं अंतर बरोबर १.६ मीटर भरतं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला तरी चालेल.

आधी बलांची वाट. चिऱ्याचं वजन १९६ न्यूटन. त्याचा फळीच्या दिशेने खाली ओढणारा भाग १९६ × ०.६, म्हणजे ११७.६ न्यूटन, आणि फळीवर लंब दाबणारा भाग १९६ × ०.८, म्हणजे १५६.८ न्यूटन. चिरा फळी सोडून वर उडत नाही की फळीत रुतत नाही, म्हणून नॉर्मल बलही तेवढंच. घर्षण त्याच्या निम्मं, ७८.४ न्यूटन, आणि ते उताराच्या उलट, वरच्या दिशेने. उरलेलं बल ३९.२ न्यूटन, त्वरण १.९६. मग v² = 2ad मध्ये घातलं की v² येतो ७.८४ आणि वेग २.८ मीटर प्रति सेकंद. वेळही लगेच निघतो: २.८ भागिले १.९६, साधारण १.४३ सेकंद.

आता ऊर्जेची वाट. गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य mgh, म्हणजे १९६ × १.२ = २३५.२ जूल. घर्षणाने केलेलं कार्य ऋण, ७८.४ × २ = १५६.८ जूल. नॉर्मल बल हालचालीला लंब, त्याचं कार्य शून्य. बेरीज ७८.४ जूल, आणि चिरा स्थिर अवस्थेतून निघालेला असल्याने हीच त्याची शेवटची गतिज ऊर्जा. ½mv² = ७८.४ मांडलं की v² पुन्हा ७.८४.

इथे बरेच जण म्हणतात की दुसऱ्या पद्धतीत फ्री बॉडी डायग्राम काढावा लागत नाही. हे खरं नाही. घर्षणाचं कार्य काढायला घर्षण हवं, घर्षणाला नॉर्मल हवं, आणि नॉर्मल फळीच्या लंब दिशेचा समतोल मांडूनच मिळतं. ऊर्जेची पद्धत तुमचं फक्त उताराच्या दिशेचं समीकरण वाचवते, लंब दिशेचं नाही. आकृती न काढता थेट ऊर्जेला हात घातला की नॉर्मल सवयीने mg लिहिलं जातं. मग घर्षणाचं कार्य १९६ जूल होतं आणि वेग १.९८ येतो. हा आकडा दिसायला इतका साधा की कुणाला शंका येत नाही. म्हणूनच ही चूक वाईट.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात यात नवल नाही. उताराच्या दिशेचं F = ma घ्या आणि दोन्ही बाजूंना d ने गुणा. डावीकडे एकूण कार्य आलं. उजवीकडे mad आलं, आणि v² = 2ad असल्यामुळे तेच ½mv². म्हणजे कार्य-ऊर्जा प्रमेय हा वेगळा नियम नाही. न्यूटनचाच नियम अंतरावर जमवत नेला की तो मिळतो, आणि त्या जमवाजमवीत वेळ गळून पडतो. प्रश्नात "किती वेळात" किंवा "त्वरण किती" असेल तर बलांकडे वळा. "किती वेग" किंवा "किती अंतरावर थांबेल" असेल तर ऊर्जा.

ऊर्जेच्या मांडणीत एक गोष्ट मात्र अशी दिसते जी बलांच्या मांडणीत लपून राहते. घर्षणाचं कार्य μmg cosθ × d. यातला d cosθ म्हणजे फळीची जमिनीवरची सावली, आपले १.६ मीटर. तिला b म्हटलं तर सगळा प्रश्न एका ओळीत येतो:

v² = 2g(h − μb)

वस्तुमान निघून गेलं. चिरा २० किलोचा असो की फोडून अर्धा केलेला, वेग तोच. कोनही थेट राहिला नाही, फक्त उंची आणि आडवं अंतर उरलं. १.२ वजा ०.५ × १.६ म्हणजे ०.४, आणि १९.६ × ०.४ = ७.८४. उत्तर तपासायला याहून छोटी वाट नाही.

आता फळी सगळीकडे सारखी नसेल तर? पावसाळ्यात हे होतंच: वरचं टोक ताडपत्रीखाली, खालच्या टोकाला चिखल-रेती लागलेली. समजा वर घर्षणांक ०.३ आहे आणि खाली येईपर्यंत तो सरळ रेषेत वाढत ०.७ होतो, म्हणजे μ = 0.3 + 0.2x, x फळीवरून मीटरमध्ये मोजलेला. इथे त्वरण प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून v² = 2ad वापरता येत नाही. ते सूत्र स्थिर त्वरणापुरतंच आहे. ते तरीही वापरणं, तेही वरच्या टोकाचं त्वरण घेऊन, ही या प्रकारच्या प्रश्नातली सर्वांत नेहमीची चूक. ऊर्जेला मात्र फरक पडत नाही. घर्षणबल सरळ रेषेत वाढतंय, तर त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे सरासरी बल गुणिले अंतर. ०.३ आणि ०.७ ची सरासरी ०.५. म्हणून कार्य पुन्हा १५६.८ जूल आणि वेग पुन्हा २.८.

वेळ पण तीच का? नाही. वरच्या भागात घर्षण कमी असल्यामुळे चिरा आधीच वेग घेतो आणि पुढचं बरंचसं अंतर त्या वेगाने कापतो. त्वरणाचं समीकरण मांडलं तर a = 9.8(0.36 − 0.16x) येतं. त्वरण अंतरासोबत सरळ रेषेत कमी होतंय, म्हणजे हे सरल आवर्ती गतीचंच रूप, मध्य x = २.२५ मीटरवर. ते सोडवलं की वेळ साधारण १.१७ सेकंद येतो, आधीच्या १.४३ ऐवजी. शेवटचा वेग तोच, शेवटची ऊर्जा तीच, वेळ पाव सेकंदाने कमी. प्रमेयात वेळ कुठेच नसल्याचा अर्थ नेमका हा. "वेग सारखा, म्हणून वेळही सारखा" असं लिहिलेला पर्याय दिसला की सावध व्हा.

ऊर्जेची दुसरी आंधळी जागा आणखी धोक्याची. चिरा मुळात सुटेल का, हे ती सांगत नाही. आपल्या फळीचा tanθ ०.७५ आहे. स्थितिक घर्षणांक ०.८ आणि गतिज ०.५ असेल, तर हातातून सोडलेला चिरा जागचा हलणार नाही, पण गतिज घर्षणांक घालून ऊर्जेचं समीकरण आनंदाने २.८ उत्तर देईल. प्रश्नात दोन घर्षणांक दिले असतील तर पहिली ओळ हीच लिहा: स्थितिक घर्षणांक tanθ पेक्षा कमी आहे का? तो कमी असेल तरच पुढे. गतिज घर्षणांकच tanθ पेक्षा मोठा असेल तर समीकरण स्वतःच ओरडतं, कारण v² ऋण येतो. ऋण आला म्हणून चिन्ह बदलून वर्गमूळ काढू नका. तो सांगतोय की स्थिर अवस्थेतून सुटलेला चिरा तिथवर पोचतच नाही.

चिन्हांचा आणखी एक घोळ. गुरुत्वाचं कार्य mgh धरलं असेल तर स्थितिज ऊर्जेतला बदल वेगळा मोजायचा नाही. एकाच गोष्टीची ती दोन नावं आहेत. दोन्ही घातली तर चिरा फुकटात आणखी २३५ जूल कमावतो आणि वेग ५.६ येतो. घर्षण अजिबात नसतं तरी वेग ४.८५ च्या वर गेला नसता, त्यामुळे ही चूक पकडणं सोपं. आधी √(2gh) काढून ठेवा. उत्तर त्याच्या वर गेलं तर कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.

प्रश्न पुढे जमिनीवर गेला की गंमत येते. जमिनीचा घर्षणांकही ०.५ असेल तर चिरा कुठे थांबेल? b चं सूत्र लगेच उत्तर देतं: एकूण आडवं अंतर h भागिले μ, म्हणजे २.४ मीटर. त्यातले १.६ फळीखाली गेले, म्हणून जमिनीवर ०.८ मीटर. परीक्षेत हेच अपेक्षित असतं. पण खरोखर चिरा सोडून टेप लावली तर ०.८ मिळणार नाही, आणि दोष घर्षणांकाचा नाही, कोपऱ्याचा आहे.

फळी जमिनीला धारदार कोनात टेकते तिथे चिरा जमिनीवर आपटतो. २.८ पैकी खालच्या दिशेचा भाग २.८ × ०.६ = १.६८. चिरा उसळत नाही असं धरलं तर हा भाग त्या ठोक्यात जातो आणि आडवा भाग २.२४ उरतो. शिवाय ठोक्याच्या क्षणी जमीन जो जोराचा नॉर्मल धक्का देते, त्याच्या प्रमाणात घर्षणाचाही धक्का बसतो. तो ०.५ × १.६८, म्हणजे आणखी ०.८४ खातो. वेग उरला १.४, गतिज ऊर्जा ७८.४ वरून १९.६ जूल, आणि चिरा जेमतेम २० सेंटिमीटर जाऊन थांबतो. (चिरा बिंदूसारखा धरलाय. खरा चिरा टोकावर आपटून कलंडेलही.)

कोपऱ्यात वाकवलेला पत्रा ठेवला तर? ठोका जातो, पण वळणावर चिरा पत्र्याला जास्त दाबतो, म्हणून तिथे घर्षण वाढतं. वळणाची त्रिज्या लहान केली तर दाब वाढतो आणि वळणाची लांबी तेवढ्याच प्रमाणात घटते. दोन्ही एकमेकांना खातात, आणि लहान वळणावर वेग e^(−μθ) या पटीत उतरतो. इथे θ रेडियनमध्ये घ्यायचा, आपला ०.६४४. पत्र्याचाही μ ०.५ धरला तर वेग २.०३ होतो आणि चिरा सुमारे ४२ सेंटिमीटर जातो. ०.८ मीटर हवे असतील तर वळण छोटं आणि घर्षणरहित लागतं. प्रश्नात "फळी आणि जमीन सलग जोडलेली आहे आणि जोडावर ऊर्जा वाया जात नाही" असं वाक्य असतं, त्याचं काम एवढंच. ते वाक्य नसेल तर तुमच्या उत्तरात ते गृहीतक म्हणून एका ओळीत लिहा, मग ०.८ लिहा.