मूव्ह-टू-फ्रंट: यादी स्वतःला लावून घेते, पण कधी लावू द्यायची?

साधी लिंक्ड लिस्ट आहे आणि त्यात पुढून मागे एकेक नोड तपासत शोधायचं आहे. मूव्ह-टू-फ्रंटचा नियम एका ओळीत मावतो: जो घटक सापडला तो उचलून यादीच्या डोक्यावर ठेवा. कुठलाही काउंटर नको, घटक किती वेळा लागतो याची नोंद नको. ही कल्पना १९६५ पासून अभ्यासली जाते आहे, आणि कोड तर दहा-बारा ओळींचा आहे. खरा प्रश्न तो वापरावा की नाही हा आहे. त्याचं उत्तर घटक किती वेळा मागितले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने मागितले यावर ठरतं. म्हणून आधी कोड लिहू आणि मग क्रम तपासू.

पहिली पायरी: शोधताना हलवा

```c
Node *find(Node **head, int key) {
    Node *prev = NULL, *p = *head;
    while (p && p->key != key) {
        prev = p;
        p = p->next;
    }
    if (p && prev) {
        prev->next = p->next;
        p->next = *head;
        *head = p;
    }
    return p;
}
```

घटक आधीच डोक्यावर असेल तर `prev` रिकामा असतो आणि काहीच हलत नाही. घटक सापडलाच नाही तरीही काही हलत नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा: नसलेला घटक शोधायला प्रत्येक वेळी पूर्ण यादी चालावीच लागते. तुमचे बहुतेक शोध "नाही" या उत्तरावर संपत असतील, तर मूव्ह-टू-फ्रंटने जवळजवळ काहीच फरक पडणार नाही.

दुसरी पायरी: शोधांचा लॉग घ्या

चालू प्रोग्रॅममध्ये `find` ला येणारा प्रत्येक `key` आला त्याच क्रमाने एका फाइलमध्ये लिहा. कोणता घटक किती वेळा आला याचा तक्ता पुरणार नाही. तो का पुरत नाही हे चार घटकांवर पाहू.

यादी आहे क, ख, ग, घ. एकूण १६ शोध, प्रत्येक घटक चारदा. शोधाचा खर्च म्हणजे किती नोड तपासावे लागले ते: डोक्यावरचा १, दुसरा २, याप्रमाणे. यादी अजिबात हलवली नाही तर हिशेब सोपा आहे. प्रत्येक घटक चारदा, म्हणून ४ × (१+२+३+४) = ४०. शोध कोणत्याही क्रमाने आले तरी ४०च.

आता मूव्ह-टू-फ्रंट लावा. शोध एकगठ्ठा आले, म्हणजे आधी चारदा क, मग चारदा ख, असे, तर क चे चारही शोध १ खर्चात होतात. ख पहिल्यांदा २ खर्चात सापडतो, पुढे येतो आणि उरलेले तीन शोध १ खर्चात. ग चा पहिला शोध ३, घ चा ४. बेरीज ४ + ५ + ६ + ७ = २२.

तेच १६ शोध फेरीने आले तर? क ख ग घ, पुन्हा क ख ग घ. पहिली फेरी १+२+३+४ अशी १० मध्ये होते आणि ती संपताना यादी घ ग ख क अशी उलटी झालेली असते. आता मागणी येते क ची, आणि तो नेमका शेवटी. खर्च ४. तो पुढे आला, यादी क घ ग ख झाली. पुढची मागणी ख ची, आणि आता तो शेवटी. इथून पुढे प्रत्येक शोध ४. एकूण १० + १२ × ४ = ५८.

घटक तेच, मोजणी तीच, आणि खर्च २२ किंवा ५८. शोध अगदी यदृच्छेने आले, दर वेळी चारांपैकी कुठलाही समान शक्यतेने, तर सरासरी खर्च दर शोधाला २.५ पडतो, म्हणजे १६ शोधांना ४०. न हलवलेल्या यादीइतकाच. मोजणीचा तक्ता या तिन्हींमध्ये फरक दाखवू शकत नाही.

तिसरी पायरी: लॉगमधून खर्च काढा

वरच्या उदाहरणातून एक नियम निघतो. माझ्या मते या विषयातलं हेच सर्वांत उपयोगी वाक्य आहे: मूव्ह-टू-फ्रंटमध्ये एखाद्या शोधाचा खर्च म्हणजे तो घटक मागच्या वेळी मागितल्यापासून मध्ये किती *वेगवेगळे* घटक मागितले गेले, अधिक एक. कारण त्याच्या पुढे जाऊन बसू शकतात ते फक्त त्यानंतर मागितलेले घटक. मध्ये शंभर शोध झाले पण ते दोनच घटकांचे असतील, तर खर्च ३.

म्हणजे लॉग नुसता नजरेखालून घातला तरी अंदाज येतो. हाच घटक पुन्हा येईपर्यंत मध्ये थोडेच वेगळे घटक येतात का? मग फायदा आहे. जवळजवळ सगळी यादी येऊन जाते का? मग तोटा आहे. नेमका आकडा हवा असेल तर न सापडलेले शोध लॉगमधून वगळून नक्कल करणं सोपं आहे:

```python
def mtf_cost(trace, start):
    lst, total = list(start), 0
    for k in trace:
        i = lst.index(k)
        total += i + 1
        lst.insert(0, lst.pop(i))
    return total

print(mtf_cost("कखगघ" * 4, "कखगघ"))   # 58
```

चौथी पायरी: तुलना योग्य प्रतिस्पर्ध्याशी करा

आहे त्या वेड्यावाकड्या यादीशी तुलना केली तर मूव्ह-टू-फ्रंट बहुधा जिंकेल, पण त्यातून फारसं कळत नाही. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे जास्त मागणीचे घटक पुढे ठेवून एकदाच लावलेली आणि मग न हलवलेली यादी. मात्र तो क्रम ज्या लॉगवरून लावला त्याच लॉगवर तपासला, तर स्थिर यादीने जणू उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते. म्हणून लॉगचे दोन भाग करा. पहिल्या भागावरून क्रम लावा, आणि दुसऱ्या भागावर दोन्ही पद्धतींचा खर्च काढा. मागणी काळानुसार सरकत असेल, आज एक घटक जोरात आणि उद्या दुसरा, तर स्थिर यादी इथेच उघडी पडते.

दोनच घटकांची यादी घेतली तर फरक कुठून येतो ते स्वच्छ दिसतं. १०० शोध, ९० क चे आणि १० ख चे. क पुढे ठेवलेल्या स्थिर यादीचा खर्च ९० + २० = ११०. मूव्ह-टू-फ्रंटमध्ये मात्र शोध आधीच्या शोधापेक्षा वेगळा असेल तेव्हाच खर्च २ होतो, एरवी १. ख चे दहाही शोध मधे एकत्र आले तर बदल दोनदाच होतो: एकदा क वरून ख, एकदा परत. खर्च १०२. शोध यदृच्छेने आले तर बदलाची शक्यता २ × ०.९ × ०.१ = ०.१८, म्हणजे सरासरी ११८. ख चे शोध क च्या मधे सुटे सुटे विखुरले, तर प्रत्येक ख दोनदा दंड करतो, एकदा स्वतः आणि एकदा त्यानंतरचा क. खर्च १२०. क्वचित लागणारा घटक पुढे आणण्याची किंमत हीच: पुढचा नेहमीचा शोध ती भरतो.

नुकसान किती होऊ शकतं याला मर्यादा आहे, हे बरं. शोध परस्परांवर अवलंबून नसतील, तर मूव्ह-टू-फ्रंटचा दीर्घकालीन सरासरी खर्च सर्वोत्तम स्थिर यादीच्या π/२ पटीच्या, म्हणजे साधारण १.५७ पटीच्या, वर जात नाही. आणि स्लीटर व टारजन यांनी १९८५ मध्ये त्याहून जोरदार गोष्ट सिद्ध केली: दोघे एकाच यादीपासून सुरू करत असतील, तर पुढचे सगळे शोध आधीच माहीत असलेल्या पद्धतीच्याही दुपटीपेक्षा मूव्ह-टू-फ्रंटचा खर्च जास्त होत नाही. फेरीचा क्रम या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. n घटकांवर तो दर शोधाला n घेतो, तर स्थिर यादी सरासरी (n+१)/२.

मागितलेला घटक एकच जागा पुढे सरकवणारी पद्धतही आहे. यदृच्छ शोधांवर ती दीर्घकाळात मूव्ह-टू-फ्रंटपेक्षा सरस ठरते, पण तिला अशी हमी नाही. शेवटचे दोन घटक आळीपाळीने मागितले तर ते एकमेकांशीच जागा बदलत राहतात आणि दर शोध n ला पडतो. मूव्ह-टू-फ्रंटमध्ये तेच शोध थोड्याच वेळात २ वर येतात. लॉगमध्ये गठ्ठे दिसत असतील तर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

पाचवी पायरी: फेऱ्या शोधून बाजूला काढा

प्रत्यक्षात तोटा बहुतेक एकाच ठिकाणाहून येतो: कुठलंतरी नियमित काम सगळे घटक एकामागून एक, दर वेळी त्याच क्रमाने मागतं. लॉगमध्ये ते लगेच ओळखू येतं, कारण खर्च सलग यादीच्या लांबीइतका दिसतो. अशा कामासाठी न हलवणारा वेगळा शोध लिहा, म्हणजे फेरीमुळे नेहमीचे घटक मागे ढकलले जाणार नाहीत. फेरी हलवणाऱ्या शोधातूनच करावी लागत असेल, तर एक फेरी सुलटी आणि एक उलटी करा. आपल्या चार घटकांवर क ख ग घ नंतर घ ग ख क मागितले तर दुसऱ्या फेरीलाही १+२+३+४ च लागतात. चार फेऱ्यांचे ५८ ऐवजी ४० होतात.

फेरीबरोबर एक वाईट बगही येतो. यादीवर `p = p->next` असा लूप चालू असताना आतून `find(&head, p->key)` बोलावलं, तर काय होतं पाहा. यादी क ख ग. क वर काही हलत नाही. ख वर आलो, `find` ने ख डोक्यावर नेला, आणि आता त्याच्यानंतर क आहे. लूप क वर जातो, क डोक्यावर येतो आणि त्याच्यानंतर ख. क आणि ख यांच्यातच लूप फिरत राहतो, ग ची पाळी कधीच येत नाही. प्रोग्रॅम अडकला आणि प्रोसेसर पूर्ण व्यग्र दिसला, तर आधी इथे बघा.

थ्रेड असतील तर

`find` आता नुसतं वाचत नाही, पॉइंटरही बदलतं. अनेक थ्रेड एकाच वेळी वाचू शकतील असा लॉक त्यामुळे पुरत नाही. दोन थ्रेडांनी एकाच वेळी नोड हलवला तर नोड हरवू शकतो किंवा यादीत वर्तुळ तयार होऊ शकतं. प्रत्येक शोधाला पूर्ण लॉक घेतला तर वाचवलेल्या तुलनांपेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ जाऊ शकतो. मधला मार्ग असा: घटक पहिल्या तीन-चार जागांत सापडला तर हलवूच नका. नेहमीचे घटक तिथेच असल्यामुळे बहुतेक शोधांना काही लिहावं लागत नाही. त्यापलीकडे सापडला तरच पूर्ण लॉक घ्या, आणि लॉक मिळाल्यावर `prev` पुन्हा शोधा, कारण मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने यादी हलवलेली असू शकते.