सहलीची वेळ आणि जागा बदललीय? मेसेज टाकण्याआधी हे बघा

आधी जुना मेसेज उडवा. नवीन टाकायच्या आधी. ग्रुपवर ‘शनिवारी सकाळी 6, पुढचं गेट’ असं पिन केलेलं असेल तर तो पिन काढा, ग्रुपच्या वर्णनातली वेळ बदला आणि वेळापत्रकाची पीडीएफ दिली असेल तर नवी द्या. लोक शेवटचा मेसेज वाचतात हा भ्रम आहे. निघायच्या आदल्या रात्री ते वर सरकवत जातात आणि पहिला जो आकडा दिसेल तो धरून गजर लावतात. जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट होण्याची मुदत टळली असेल, तर त्यालाच रिप्लाय करून ‘रद्द, ही वेळ धरू नका’ असं लिहा.

आता नवीन मेसेज. पहिल्याच ओळीत ‘बदल’. मग वार, तारीख, वेळ. दोन वेळा द्या: हजर राहायची 5:10, बस सुटायची 5:30. एकच दिली तर लोक त्या मिनिटाला रिक्षातून उतरतात आणि बॅगा डिकीत चढायच्या बाकी असतात. बस मध्यरात्रीनंतर सुटणार असेल तर ‘शनिवारी रात्री साडेबारा’ अजिबात लिहू नका. अर्धे लोक एक दिवस उशिरा येतील. ‘शुक्रवार संपून शनिवार लागताना, 12:30’ असं लिहा.

जागेचं लोकेशन घरी बसून नकाशावरून उचलू नका. मोठ्या आवाराची खूण बहुतेक वेळा मधोमध पडते, गेटवर नाही. नवी जागा मागचं गेट असेल तर तिथेच उभं राहून पाठवा, लाइव्ह नको, ते ठरावीक वेळाने बंद पडतं. सोबत गेटचा एक फोटो.

थांबणार नाही हा नियम गोडगोड शब्दांत गुंडाळू नका. ‘शक्यतो वेळेवर या’ म्हणजे उशीर चालतो. असं लिहा: ‘5:30 ला बस सुटेल. कोणासाठीही थांबणार नाही. वाटेत आहे असा फोन आला तरी नाही. चुकल्यास पहिल्या थांब्यापर्यंत स्वखर्चाने या, पैसे परत मिळणार नाहीत.’ घड्याळ कुणाचं धरायचं तेही ठरवा, मोबाइलचंच धरा. आणि सुटायचा इशारा देणारा माणूस एकच, ज्याचे नातेवाईक उशिरा येणाऱ्यांत नसतील असा.

‘ओके’ आणि अंगठा पोच म्हणून धरू नका. प्रत्येकाने ‘5:10, मागचं गेट’ एवढं स्वतः टाइप करायचं. जो ‘6’ लिहील त्याच्याकडे जुना मेसेज अजून जिवंत आहे, बहुधा घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेला. तिथलाही उडवायला सांगा. उत्तर न देणाऱ्यांना फोन.

ड्रायव्हरला वेगळं सांगा, तो ग्रुपवर नसतो. आदल्या रात्री नवा मेसेज पुन्हा टाका, शब्द न बदलता. सकाळी यादी, हजेरी, दार बंद. आणि जुना पिन खरंच निघालाय ना, ते दुसऱ्याच्या फोनवर बघा.