लायसन्सचं निलंबन संपलं, तरी लायसन्स परत का मिळत नाही? या चुका टाळा

निलंबनाचे तीन महिने संपले की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आरटीओच्या खिडकीवर हजर होतो. 'द्या माझं लायसन्स.' आतून प्रश्न येतो, 'कोर्स केला का?' किंवा, 'टेस्टची तारीख घेतली का?' मग बाहेर एजंट, चहा आणि डोक्याला ताप. यातला बराचसा ताप टाळता येतो, पण त्यासाठी एक कागद नीट वाचावा लागतो. तो म्हणजे आपल्याविरुद्धचा आदेश. त्यात लिहिलेलं मोटार वाहन अधिनियम, 1988 चं कलम कोणतं, यावर पुढचं सगळं ठरतं. आदेश आरटीओने कलम 19 खाली काढला असेल तर वाट एक, न्यायालयाने कलम 20 किंवा 22 खाली काढला असेल तर वाट वेगळी. आपण या सगळ्याला 'लायसन्स सस्पेंड झालं' एवढंच म्हणतो, आणि घोळाची सुरुवात तिथूनच होते.

पहिली चूक पोलिसाने लायसन्स घेतलं त्याच दिवशी होते. हातात पावती मिळते आणि माणूस समजतो, पावती आहे म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही. जुन्या अनुभवामुळे हा समज पक्का झाला आहे, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. कलम 206 मध्ये पावतीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पावतीवरच्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पण 2019 च्या दुरुस्तीने पोटकलम 4 आलं. अतिवेग, धोकादायक चालवणं (यात हातात मोबाईल धरून चालवणंही आलं), दारू पिऊन चालवणं, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा गुन्ह्यांत लायसन्स या पोटकलमाखाली घेऊन आरटीओकडे पाठवता येतं. त्या वेळी मिळणारी पावती म्हणजे फक्त लायसन्स जमा केल्याची पोच. तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे पावती खिशात टाकण्याआधी तिच्यावरचं पोटकलम बघा. अक्षर लागत नसेल तर तिथेच विचारा.

दुसरी चूक म्हणजे आरटीओची नोटीस घरात पडू देणं. कलम 19 खाली आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि कारणं लेखी द्यावी लागतात. पोलिसांकडून गेलेल्या प्रकरणात पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या वेळी थेट रद्द, असा हिशोब आहे. पण अधिकाऱ्याचं समाधान झालं तर तो प्रकरण बंदही करू शकतो. सुनावणीला कोणी गेलंच नाही, तर ऐकायचं कोणाचं? आदेश मान्य नसेल तर तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं असतं. लोक मात्र 'बघू नंतर' म्हणतात, आणि ते नंतर महिना उलटल्यावर उजाडतं.

आता समजा, घरपोच डिलिव्हरी करणारा एक तरुण मोबाईल हातात धरून चालवताना 6 मार्चला पकडला गेला. लायसन्स जमा झालं. सुनावणी झाली आणि 20 मार्चच्या तारखेने आदेश निघाला: आदेशाच्या तारखेपासून तीन महिने अपात्र. त्याने तीन महिने मोजले ते 6 मार्चपासून. 6 जूनला तो पुन्हा रस्त्यावर आला आणि 10 जूनला नाकाबंदीत सापडला. आदेशाची मुदत 19 जूनपर्यंत होती, म्हणजे त्या दिवशी तो अपात्र चालक होता. अपात्र असताना गाडी चालवणं हा कलम 182 खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या चार दिवसांत त्याच्या हातून कोणी जखमी झालं असतं, तर विमा कंपनीलाही हात वर करायला कारण मिळालं असतं. अशा प्रकरणांत कंपनीने जखमीला भरपाई दिली, तरी ती पुढे चालक-मालकाकडून वसूल होऊ शकते.

त्याच्या हिशोबात आणखी एक गोष्ट सुटली होती. गुन्हा दुचाकीवर झाला म्हणून बंदीही दुचाकीपुरतीच, असं धरून मधल्या काळात तो काकांची कार चालवत होता. आदेश एका वर्गाच्या वाहनापुरता असू शकतो, तसा सगळ्या वर्गांसाठीही असू शकतो. त्याच्या आदेशात 'सर्व' असं लिहिलं होतं. फोनवर लायसन्सची प्रत दिसते म्हणून ते चालू आहे, असंही नसतं. अपात्रतेच्या काळात लायसन्सचा अंमलच थांबलेला असतो, मग ते प्लास्टिकचं असो की मोबाईलमधलं.

आता खिडकीवरचा प्रश्न: कोर्स केला का? 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 19 मध्ये अट आली की चालकाने रिफ्रेशर प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं असेल तरच मुदत संपल्यावर लायसन्स परत मिळेल. हे प्रशिक्षण कलम 12 खाली परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेतूनच घ्यावं लागतं. गल्लीतल्या ओळखीच्या मास्तरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं प्रमाणपत्र इथे चालत नाही. पैसे भरण्याआधी कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र चालेल हे आपल्या आरटीओत विचारून घ्या. हा कोर्स मुदत संपल्यावरच करावा, अशी अट या कलमात नाही. तेव्हा तीन महिने नुसते दिवस मोजत बसण्यापेक्षा त्याच काळात तो उरकावा, म्हणजे मुदत संपल्यावर प्रमाणपत्र घेऊनच खिडकीवर जाता येतं.

टेस्टचं मात्र नेमकं उलट आहे, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. धोकादायक चालवण्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला गंभीर दुखापत झाली आणि न्यायालयाने दोषी ठरवून कलम 22 खाली लायसन्स निलंबित केलं, तर ते परत मिळायला तीन गोष्टी लागतात. लायसन्स परत मिळावं म्हणून तुमचा स्वतःचा अर्ज, डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ड्रायव्हिंगची नव्याने पास केलेली टेस्ट. कायदा म्हणतो, ही टेस्ट निलंबनाची मुदत संपल्यानंतर दिलेली असली पाहिजे. समजा, निलंबन 12 जानेवारी 2024 ते 11 जानेवारी 2025 असं वर्षभराचं आहे. डिसेंबरमध्येच टेस्ट देऊन ठेवू, असा विचार केला तर त्या टेस्टचा उपयोग शून्य. तारीख 12 जानेवारी 2025 किंवा त्यानंतरचीच घ्यायची. आणि टेस्ट घेणार तेच कार्यालय, ज्याने लायसन्स दिलं होतं किंवा त्याचं शेवटचं नूतनीकरण केलं होतं. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला असाल, तर ही धावपळ आधीच हिशोबात धरा.

टेस्टच्या दिवशीची गंमत (भोगणाऱ्याला अर्थातच ती गंमत वाटत नाही) अशी की लोक स्वतःच गाडी चालवत टेस्टला येतात. लायसन्स अजून कार्यालयाच्या कपाटात आहे, आणि ते परत मिळावं म्हणून तुम्ही ज्यांच्यासमोर उभे राहणार त्यांच्याच फाटकातून विनालायसन्स आत येताय! गाडी आणायला चालू लायसन्सवाला कोणीतरी सोबत न्या. वर्षभर स्टिअरिंगला हात लागलेला नसतो, म्हणून सरावाचा मोह होतो, तोही सार्वजनिक रस्त्यावर नको. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते, पण तीनदा नापास झाल्यावर 60 दिवस थांबावं लागतं.

कलम 20 खालच्या आदेशात टेस्टची अट आपोआप नसते. पण धोकादायक चालवण्याबद्दल शिक्षा देताना न्यायालय असं लिहू शकतं की टेस्ट पास होईपर्यंत हा माणूस अपात्रच राहील. तसं एक वाक्य आदेशाच्या शेवटी असेल, तर मुदत संपल्याला कितीही दिवस होऊ देत, टेस्ट दिल्याशिवाय तुम्ही अपात्रच. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वकिलाने फोनवर सांगितलेल्या सारांशावर राहू नका. वकिलांना दंडाची रक्कम लक्षात राहते, ही ओळ राहीलच असं नाही.

टेस्ट मागच्या दारानेही येते. निलंबनाच्या काळात लायसन्सची वैधता थांबून राहत नाही, तिची तारीख तिच्या गतीने येते आणि जाते. मूळ वैधता संपून एक वर्षाहून जास्त काळ गेला, की नूतनीकरणासाठी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. वरच्या तरुणाने कंटाळून कोर्स केलाच नाही, लायसन्स दीड वर्ष कार्यालयात पडून राहिलं आणि दरम्यान त्याची वैधता संपून वर्ष उलटलं, तर ज्या प्रकरणात टेस्ट नव्हतीच तिथे ती स्वतःहून ओढवून घेतली म्हणायची. आदेश हातात आला की लायसन्सवरची वैधतेची तारीखही त्याच डायरीत लिहून ठेवा.

लायसन्स रद्दच झालं असेल, तर 'परत मिळवणं' हा शब्दच सोडून द्यायचा. बंदीचा काळ संपल्यावर पुन्हा लर्निंग लायसन्स, किमान 30 दिवसांची वाट आणि मग पक्क्या लायसन्सची टेस्ट, असं पहिल्यापासून चालावं लागतं. इथे होणारी चूक धोक्याची आहे. एका आरटीओने रद्द केलं म्हणून लोक दुसऱ्या आरटीओत किंवा शेजारच्या राज्यात नवा अर्ज करतात. नोंदी आता 'सारथी' या देशभरच्या संगणक प्रणालीत आहेत, त्यामुळे हे उघडकीला येण्याची शक्यता मोठी आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंदीच्या काळात अर्ज करणं हाच कलम 182 खाली गुन्हा आहे. असं मिळवलेलं लायसन्स कायद्याने निरुपयोगी असतं. 'हरवलं' म्हणून दुय्यम प्रत काढणं हाही याच माळेतला मणी. लायसन्सवर शेरा, म्हणजे गुन्ह्याची किंवा अपात्रतेची नोंद असताना तो लपवून अर्ज केला तरी हेच कलम लागतं.

अपात्रतेची मुदत लांबची असेल आणि आदेश कलम 19 किंवा 20 खालचा असेल, तर एक दार उघडं असतं. आदेशाच्या तारखेपासून सहा महिने झाल्यावर, ज्याने आदेश काढला त्याच न्यायालयाकडे किंवा अधिकाऱ्याकडे बंदी उठवण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला तर पुढचे तीन महिने दुसरा अर्ज ऐकला जात नाही. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट तयारीने करा. मधल्या काळात एकही नवं चलान नाही, कोर्स पूर्ण केला आहे, रोजीरोटी वाहनावर अवलंबून आहे, हे सगळं कागदांसह मांडा.

राहिला लायसन्सवरचा शेरा. तो लायसन्स परत मिळाल्यावरही राहतो आणि नव्या किंवा दुय्यम प्रतीवरही उतरतो. शेवटच्या शेऱ्यापासून सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर लायसन्स जमा करून स्वच्छ लायसन्स मागता येतं. फक्त वेगमर्यादेच्या गुन्ह्याचा शेरा असेल तर एक वर्ष पुरतं. पण अपात्रतेचा काळ या मोजणीत धरत नाहीत. वरच्या तरुणाच्या लायसन्सवर आदेशाच्याच दिवशी शेरा पडला असेल, तर त्याची तीन वर्षं 20 मार्चपासून नाही, 20 जूनपासून मोजायची.