सहकाऱ्याची आई किंवा वडील गेल्यावर सांत्वनाचा निरोप लिहिताना या चुका टाळा

माझ्या शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या सहकारी मैत्रिणीचे वडील गेले, तेव्हा मी पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं:

«आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपल्या कुटुंबीयांना या दुःखातून सावरण्याचे बळ देवो. भावपूर्ण श्रद्धांजली.»

पाठवायच्या आधी सहज मोठ्याने वाचलं आणि थांबले. जिला मी चार वर्षं दिवसभर «अगं, ती फाईल बघितलीस का?» म्हणते, तिला मी एकदम «आपल्या कुटुंबीयांना» म्हणत होते. मराठीत निरोप छापील वाटायला लागतो तो इथेच. रोजचं «तू» सुटतं आणि त्या जागी «आपण» येतं. «झालं»चं «झाले» होतं, बातमीची «वार्ता» होते. ज्या माणसाला आधार द्यायचा, त्याच्यापासूनच आपण चार पावलं मागे सरकतो. म्हणून सगळ्यात आधी सर्वनाम तपासावं. बोलताना «तू» असेल तर लिहितानाही «तू», आणि «तुम्ही» असेल तर «तुम्ही».

दुसरी गोष्ट मला त्याच दिवशी लक्षात आली. श्रद्धांजली वाहतात ती गेलेल्या माणसाला. माझा निरोप वाचणार होती ती मुलगी, आणि त्या तीन वाक्यांत खास तिच्यासाठी असा एकही शब्द नव्हता.

मृत्यूसाठी कोणतं क्रियापद वापरायचं इथेही हात अडखळतो. बोलताना «एक्स्पायर झाले» सर्रास म्हटलं जातं, पण लिहिलेलं वाचताना औषधाच्या पाकिटावरची तारीख आठवते. «निधन झाले» वर्तमानपत्रातलं वाटतं. आईच्या बाबतीत आणखी एक पेच असतो: «तुझी आई वारली» कानाला लागतं, आणि बरोबरीच्या मैत्रिणीला «तुझ्या आई गेल्या» लिहिणं काहींना अवघड वाटतं. «आई गेल्याचं कळलं» या रचनेत तो प्रश्नच येत नाही, शिवाय ती बोलण्यातली आहे. सहकारी घरी ज्या नावाने हाक मारतो ते आपल्या कानावरून गेलेलं असेल, बाबा, अण्णा, नाना, तर तेच लिहावं. माहीत नसेल तर अंदाज न करता साधं «वडील» लिहावं. आणि जुना मजकूर चिकटवत असाल तर आई की वडील हे एकदा बघा. «वडिलांच्या आत्म्यास» असा निरोप आई गेलेल्या माणसाला गेलेला मी पाहिला आहे.

छापील मजकूर खोडल्यावर माझा दुसरा खर्डा मात्र जास्त वाईट झाला:

«बाबा गेल्याचं कळलं. तुझं दुःख मी समजू शकते, माझे वडील गेले तेव्हा मीही खूप खचले होते. निदान त्यांना फार त्रास झाला नाही. काही लागलं तर नक्की सांग.»

यातलं प्रत्येक वाक्य मनापासून होतं, तरी प्रत्येक वाक्य चुकीचं होतं. पहिलं सोडून. माझ्या वडिलांचा उल्लेख आला की वाचणारीला माझ्या दुःखाचीही विचारपूस करावी लागणार. «निदान», «तरी», «शेवटी», «सुटले» यांपैकी एखादा शब्द आला की समजावं, आपण दुःखाचा हिशेब मांडायला लागलो. वय झालं होतं, आजारी होते, हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते तिने म्हटलं तर ऐकून घ्यावं, आपण पुढे करू नये.

«काही लागलं तर सांग» यात वाईट काहीच नाही, पण काम तिच्यावर पडतं. काय लागेल ते तिने ठरवायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं आणि वर संकोच गिळून फोन करायचा. ऑफिसातल्या माणसाकडे देण्यासारखी एक नेमकी गोष्ट असते, ती म्हणजे कामाचा भार. तिच्या नावावर त्या आठवड्यात महिनाअखेरचा अहवाल होता आणि मंगळवारी ग्राहकाबरोबर बैठक होती. मी आधी वरिष्ठांशी बोलून दोन्ही कामं माझ्याकडे घेतली आणि मगच तसं लिहिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. जे अजून ठरलेलं नाही ते लिहू नये.

राहिला प्रश्न आठवणीचा. तिच्या वडिलांना मी कधी भेटले नव्हते. अशा वेळी «ते फार थोर मनाचे होते» असं लिहायचा मोह होतो, आणि ते खोटं आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण न भेटलेल्या माणसाबद्दलही आपल्याकडे काहीतरी असतं, त्याच्या मुलीमार्फत आलेलं. मला फोन आठवला. रोज पावणेसहाच्या सुमाराला तिच्या वडिलांचा फोन यायचा, «निघालीस का?» विचारायला, आणि ती खुर्ची जरा वळवून, आवाज उतरवून म्हणायची, «निघतेच आहे, बाबा.»

तिसऱ्या खर्ड्यात मी तो फोन लिहिला आणि पुढे जोडलं: «आता तो फोन पुन्हा वाजणार नाही.» वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं, आणि त्यामुळेच मी ते काढलं. ते तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी पावणेसहाला तिला ते पुन्हा कळणारच होतं. ते मी सांगण्यात तिला कसलाच आधार नव्हता, होता तो फक्त माझ्या लिहिण्याचा परिणाम. आठवण जे होतं तिथे थांबू द्यावी, जे आता नाही तिथे ओढत नेऊ नये.

शेवटी पाठवलं ते हे. सुरुवातीला तिचं नाव होतं, ते इथे काढलं आहे:

«बाबा गेल्याचं आत्ता कळलं. फार वाईट वाटलं गं. मी त्यांना कधी भेटले नाही, पण त्यांचा पावणेसहाचा फोन माझ्याही ओळखीचा झाला होता. ‘निघतेच आहे, बाबा’ म्हणताना तुझा आवाज किती मऊ व्हायचा. महिनाअखेरचा अहवाल आणि मंगळवारची बैठक मी बघते आहे, वरिष्ठांशी बोलणं झालंय. याला उत्तर लिहायची गरज नाही.»

शेवटचं वाक्य जरूर ठेवा. त्या दिवसांत फोनवर निरोपांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाला हात जोडल्याचं चिन्ह पाठवणं हेही एक काम होऊन बसतं. त्याच कारणाने «कसं झालं?» आणि «कामावर कधी येतेस?» हे प्रश्न निरोपात नकोत. आणि निरोप तिच्या एकटीच्या नावावर पाठवा. ऑफिसच्या ग्रुपवर पहिल्याने लिहिलेलं वाक्य पुढचे पंधरा जण तसंच उचलतात, त्यात आपलं वेगळं वाक्यही हरवतं.

सहकाऱ्याशी ओळख जेमतेम असेल तर आठवण शोधत बसू नका. «वडील गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. तुमच्याकडचं या आठवड्याचं काम आम्ही वाटून घेतलंय.» एवढं पुरे. ओळखीपेक्षा जास्त जवळीक दाखवली की तीही छापीलच वाटते.

उशीर झाला असेल, अगदी तीन आठवडे, तरी लिहा. उशिराबद्दल एक वाक्य, कारणं नकोत. आणि छापील निरोप आधीच गेला असेल तर दुरुस्त केलेला दुसरा लगेच पाठवू नका. ती कामावर परत आल्यावर, टेबलाशी दोघीच असताना, अशी एखादी आठवण बोलून दाखवा. मी फोनची गोष्ट तिला पुढे एकदा तोंडीही सांगितली तेव्हा ती म्हणाली, «तुला ऐकू यायचं?» आणि मग बराच वेळ ती बाबांबद्दल बोलत राहिली.