गांडूळ खत मृगाच्या आत काढा, नाहीतर ओलंच विकावं लागेल

शिमग्याच्या आसपास ज्यांनी बेड भरलेत त्यांचं खत आता मे महिन्यात तयार होत आलं असेल, आणि आपल्याकडे एकदा पाऊस लागला की चार महिने काही सुकत नाही, म्हणून काढणी, चाळणी आणि विक्री हे सगळं पुढच्या दोन-तीन आठवड्यात उरका. गिऱ्हाईकही आत्ताच असतं, मुंबईकर चाकरमानी मेमध्ये गावी आलेले असतात, परसबागवाले कुंड्या भरतात आणि कलमांना खत घालायची वेळही पावसाच्या सुरुवातीचीच.

आधी खत झालंय का ते बघा. वरून काळं दिसलं म्हणजे झालं असं नाही, हात कोपरापर्यंत आत घाला आणि तळातलं मूठभर काढा. चहा पावडरसारखं दाणेदार लागलं, मातीचा वास आला, पान ओळखू येत नसेल तर तयार. शंका असेल तर ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवायचं, सकाळी आंबूस वास आला तर अजून दोन आठवडे जाऊदेत. आंबा-काजूची पानं उशिरा कुजतात, ती न कुजवता थेट टाकली असतील तर शिरा तशाच राहतात, त्या चाळून पुढच्या बेडला वापरायच्या.

काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद. वरचा थर सुकला की गांडुळं खाली जातात. एका कोपऱ्यात अर्धवट कुजलेलं, गार झालेलं शेण टाकून त्यावर ओलं गोणपाट घाला, बरीचशी तिकडे गोळा होतात. मग वरून वरून हाताने खरवडून घ्या, फावडं नको. चाळण चार मिलिमीटर जाळीची घ्या, सरकारी मानकाप्रमाणे नव्वद टक्के तरी माल त्यातून जायला हवा.

आता मुख्य गोष्ट, ओल. मानकात ओल 15 ते 25 टक्के सांगितलीये आणि बेडमधून काढलेल्या खतात निम्मं पाणी असू शकतं. समजा 10 बाय 3 फुटी बेडमधून 300 किलो निघालं, त्यात 150 किलो पाणी. 25 टक्के ओलीपर्यंत सुकवलंत तर हातात 200 किलो राहतं. म्हणजे भाव ठरवताना 200 वर हिशोब करा, नाहीतर 300 धरून भाव लावायचा आणि सुकल्यावर डोक्याला हात लावायचा. ओलंच वजन करून विकणारेही आहेत, पण पिशवीत बुरशी धरली की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

उन्हात सुकवू नका, पडवीत किंवा मांगरात दोन-तीन इंचाचा थर पसरून रोज हलवा. ओल मोजायला मशीन नको, 100 ग्रॅम खत बशीत घेऊन वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत कडक उन्हात ठेवा, 75 ग्रॅम उरलं तर ओल 25 टक्के (हा नमुना फेकून द्या, विकायचा माल एवढा कोरडा करायचा नाही).

परसबागवाल्यांची एक तक्रार हमखास येते, कुंडीत टोमॅटो, पपई आणि गवत उगवलं. गांडूळ बेड तापत नाही त्यामुळे किचनच्या कचऱ्यातलं बी मरत नाही. म्हणून बी आलेलं गवत आणि भाजीचा कचरा आधी शेणाबरोबर ढीग करून पंधरा-वीस दिवस तापू द्यायचा, वरखाली करायचा, गार झाला की मगच बेडमध्ये. मासळीची घाण, लोणचं, मिठाचं काही नको, मुंग्या आणि मुंगूस दोन्ही येतात. काजूची बोंडंही सध्या ढिगाने पडलीत म्हणून ताजी ओतू नका, आंबतात आणि गांडुळं कडेला पळतात.

विकताना दोन भाव ठेवा. कुंडीवाल्यांना 2 किलोची पिशवी, समजा किलोला 25, आणि शेतकऱ्याला गोणीने 10. 80 किलो पिशव्यांत आणि 120 किलो गोणीत गेलं तर 3200 रुपये होतात, त्यातून शेण, गोण्या आणि मजुरी वजा करा. पिशवीला बारीक भोकं पाडा, गोण्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. नाव छापून दुकानात ठेवायचा विचार असेल तर आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा, तिथे खत नियंत्रण आदेश लागतो.

सगळी गांडुळं मात्र विकू नका. पागोळ्यांचं पाणी येणार नाही अशा उंच जागी एक बेड ठेवा, वर झापांचं छप्पर आणि त्यावर प्लास्टिक, भोवती चर. पावसात खालून पाणी साचलं की ती रातोरात बाहेर निघतात आणि सकाळी कोंबड्यांची चंगळ होते.